बियांची वाटी एकदा काट्यावर ठेवून बघा

प्रश्न: "मी मालवणजवळच्या गावात राहते, वय ४२. केस फार गळतात आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मैत्रीण म्हणते, झिंक-मॅग्नेशियम कमी असेल, रोज वाटीभर भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या आणि कलिंगडाच्या बिया खा. खरंच वाटीभर खायच्या का? वजन वाढेल का? आमच्या घरच्या कलिंगडाच्या बिया वाळवून चालतील का?"

ताई, वाटीभर नको. सोललेल्या बियांचा गर दिवसाला २५ ग्रॅम पुरे. त्यातून मॅग्नेशियम चांगलं मिळेल, झिंक मात्र मैत्रिणीला वाटतंय तेवढं मिळणार नाही. घरच्या कलिंगडाच्या बिया चालतील, पण त्याला एक मोठा अपवाद आहे, तो खाली सांगते.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात गेली अठरा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दोन वर्षांपूर्वी देवगडकडच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. चार महिन्यांत साडेतीन किलो वजन वाढलं होतं आणि त्यांना त्याचं कारणच कळत नव्हतं. "भात कमी केला, गोड बंद केलं, तरी असं कसं?" जेवण विचारून झालं, चहा विचारून झाला, काहीच हाती लागेना. शेवटी उठता उठता म्हणाल्या, "रात्री टीव्ही बघताना थोड्या बिया खाते, पण त्या तर पौष्टिक." पुढच्या वेळी येताना ती रोजची वाटी घेऊन या म्हटलं. त्यांनी आमटीची साधी स्टीलची वाटी आणली. मी त्यात तिन्ही बियांचं मिश्रण काठोकाठ भरून काट्यावर ठेवलं, तर ८० ग्रॅम भरलं. म्हणजे साधारण ४५० कॅलरी, चार चपात्यांएवढ्या, आणि त्याही रात्रीचं जेवण झाल्यावर. बाई काट्याकडे बघतच राहिल्या.

यात बियांचा काही दोष नाही. बी म्हणजे रोपट्याला पहिली पानं फुटेपर्यंत पुरेल अशी शिदोरी. तिच्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. भोपळा, सूर्यफूल, कलिंगड, कुठलाही गर घ्या, १०० ग्रॅमला साडेपाचशे ते पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी येतात. अमुक बी हलकी आणि तमुक जड असा फरक करण्यात अर्थ नाही. शेंगदाणे मूठभर खाल्ले की आपल्याला खाल्ल्यासारखं वाटतं. या बिया मात्र चपट्या आणि बारीक, तोंडात टाकता टाकता वाटी कधी रिकामी होते ते कळत नाही.

म्हणून माझा पहिला नियम मोजण्याचा. घरी काटा नसेल तर वाण्याकडून गराची २५ ग्रॅमची एक पुडी बांधून घ्या. घरी आल्यावर ती एखाद्या छोट्या वाटीत किंवा झाकणात ओता आणि कुठवर भरते ते बघून ठेवा. तेच तुमचं रोजचं माप. चमच्यात सांगायचं तर तीन मोठे चमचे, सपाट, शीग न लावता. "मूठभर" हे माप मी देत नाही, कारण माझी मूठ आणि आमच्या शेजारच्या खलाशाची मूठ यांत दुपटीचा फरक आहे. आणि डब्यातून थेट खाऊ नका. मोजून बाहेर काढा आणि डबा परत फडताळात ठेवा. त्या शिक्षिकाबाईंनी एवढंच केलं. बिया सोडल्या नाहीत, फक्त माप आणि वेळ बदलली. आता त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत वडापावऐवजी बिया खातात.

आता या २५ ग्रॅममध्ये काय येतं ते बघू. समजा १० ग्रॅम भोपळ्याचा गर, ८ ग्रॅम कलिंगडाचा आणि ७ ग्रॅम सूर्यफुलाचा घेतला. त्यातून साधारण १२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि २ मिलिग्रॅमच्या आतबाहेर झिंक मिळतं, कॅलरी १४०. तुमच्या वयाच्या बाईला दिवसाला मॅग्नेशियम ढोबळमानाने साडेतीनशे मिलिग्रॅम लागतं. झिंकसाठी आपल्याकडच्या आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषणसंस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बायकांना १३.२ आणि पुरुषांना १७ मिलिग्रॅम दिलेलं आहे. म्हणजे मॅग्नेशियमची एक तृतीयांश गरज भागली, झिंकची जेमतेम सातवा हिस्सा. मैत्रिणीचं ऐकून पूर्ण वाटी खाल्लीत तरी झिंक सहा मिलिग्रॅमच्या आसपासच राहील, गरजेच्या निम्मंही नाही. त्यासाठी चार चपात्यांच्या कॅलरी मोजायच्या का, ते तुम्हीच ठरवा.

तिन्हीमध्ये निवड करायची झाली तर मॅग्नेशियम भोपळ्यात सर्वांत जास्त, कलिंगड त्याच्या पाठोपाठ, सूर्यफूल बरंच मागे. झिंकमध्ये कलिंगडाचा गर पहिला येतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. सूर्यफुलाची जमेची बाजू वेगळी, ती म्हणजे ई जीवनसत्त्व. तुमचा हेतू मॅग्नेशियम-झिंक असेल तर सूर्यफूल चवीपुरतं ठेवा.

शिवाय ते २ मिलिग्रॅम झिंकही सगळं अंगी लागत नाही. धान्यात, डाळीत आणि या बियांतही फायटेट नावाचा घटक असतो. तो आतड्यात झिंकला धरून ठेवतो आणि सोबत बाहेर घेऊन जातो. भारतीयांसाठीची झिंकची शिफारस जास्त आहे ती यासाठीच, कारण आपलं जेवण धान्यावर उभं आहे. पीठ आंबवलं की फायटेट बऱ्यापैकी कमी होतं, म्हणून आंबोळी ही घावनापेक्षा या बाबतीत सरस. बियांची चटणी करायची असेल तर ती आंबोळीबरोबर लावा. बिया रात्रभर भिजवून ठेवायचा सल्लाही हल्ली फार फिरतो. त्याने फरक थोडाच पडतो आणि आपल्या दमट हवेत भिजलेल्या बियांना सकाळपर्यंत वास यायला लागतो. मी तो खटाटोप करायला सांगत नाही.

झिंक हवं असेल तर तुमच्या दारातच आहे, ताई. तुम्ही मासे खात असाल असं धरून सांगते. कालवांइतकं झिंक आपल्या नेहमीच्या खाण्यातल्या दुसऱ्या कुठल्याच पदार्थात नसतं. कुर्लीच्या १०० ग्रॅम मांसात साडेतीन-चार मिलिग्रॅम मिळतं, तिसऱ्यांत त्याहून कमी, पण मिळतं. आणि मासळीतल्या प्रथिनांमुळे त्याच ताटातल्या भात-आमटीतलं झिंकही जरा बरं शोषलं जातं. आठवड्यातून एकदा कालवांचं सुकं आणि एकदा कुर्ल्यांचं सार झालं तर बियांच्या झिंकची चिंता सोडून द्या. कालवं मात्र नीट शिजवलेलीच खा, आणि गटाराचं पाणी मिळतं अशा खाडीतली नकोत. ती पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाणही त्यांच्यात साठते.

श्रावणात घरात मासळी बंद असते किंवा काही घरांत ती कधीच शिजत नाही, तिथे बियांना जास्त महत्त्व येतं. तेव्हा मी २५ ऐवजी ३० ग्रॅम सांगते, सूर्यफूल वगळून, आणि जोडीला कुळथाची पिठी, दही, घरी चालत असेल तर अंडं. ३० च्या पुढे मी शाकाहारी माणसालाही नेत नाही.

आता मॅग्नेशियम. आपल्याकडे ते कमी पडण्याचं मोठं कारण भाताच्या गिरणीत आहे. तांदळातलं मॅग्नेशियम बहुतेक कोंड्यात असतं. पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये ते २० मिलिग्रॅमच्या आसपास उरतं, बिनपॉलिशच्या तांदळात ९० च्या पुढे असतं. तुमच्या वाट्याला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ येत असेल तर नुसता तांदूळ बदलून १०० मिलिग्रॅमच्या वर फरक पडतो. म्हणजे बियांच्या रोजच्या मापाएवढंच झालं, आणि तेही एक कॅलरी न वाढवता. घरचं भात असेल तर गिरणीवाल्याला "जास्त पॉलिश मारू नको" एवढं सांगायचं. तो कुरकुरेल, कारण तांदूळ लालसर दिसतो आणि लवकर किडतो, पण दोन-दोन महिन्यांचंच भरडून आणलं की ती अडचण राहत नाही. बियांचं विचारायला आलेल्या माणसाला मी तांदळाचं सांगते म्हणून काहीजण हिरमुसतात, पण मला यातलं हेच जास्त कामाचं वाटतं.

घरच्या कलिंगडाच्या बियांचं आता सविस्तर सांगते. खाल्लेल्या फळातून निघालेल्या बिया धुऊन, चिकटलेला फळाचा गर चोळून काढून, कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवल्या तर उत्तम. मात्र शेतात लावायला आणलेल्या पाकिटातल्या उरलेल्या बिया कधीही खाऊ नका. हा तो अपवाद. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून बहुतेकदा गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. एकदा एक काकू अशाच गुलाबी बिया पुडीत बांधून माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. "धुतल्या, पण रंग जाईना" म्हणाल्या. भातकापणीनंतर कलिंगड लावलं होतं, एक पाकीट उरलं, महागाचं बियाणं फेकायचं कशाला, असा त्यांचा हिशोब. धुऊन, भाजून, कशानेही ते खाण्यालायक होत नाही. रंग नसला तरी बियाण्याच्या पाकिटातलं बी स्वयंपाकघरात आणायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही.

दुसरी गोष्ट टरफलाची. वर दिलेले सगळे आकडे सोललेल्या गराचे आहेत. कलिंगडाच्या बीचं साधारण निम्मं वजन टरफलाचं असतं आणि ते टरफल म्हणजे जवळजवळ लाकूड. अख्खी बी गिळली तर ती जशी गेली तशीच बाहेर येते, त्यातलं मॅग्नेशियम तुम्हाला भेटतही नाही. टरफलासकट भरपूर चावून खाल्ल्या तर वेगळीच पंचाईत होते. जत्रेतून आणलेल्या सूर्यफुलाच्या बिया सालीसकट दोन दिवस खात बसलेला एक नऊ वर्षांचा मुलगा मला आठवतो. सालींचा गठ्ठा खाली अडकून बसला, पोर शौचाला बसून रडत होतं आणि शेवटी डॉक्टरांना तो हाताने काढावा लागला. पाणी कमी पिणाऱ्या म्हाताऱ्या माणसांतही असं होऊ शकतं.

सोलायचं कसं? वाळलेल्या बिया मंद आचेवर दोन-तीन मिनिटं नुसत्या कोमट कडक करून घ्या, पोळपाटावर पसरा आणि वरून लाटणं दाबून फिरवा. टरफलं तडकतात. मग सुपात पाखडा. राहिलेल्या हाताने निवडाव्या लागतात. खरं सांगायचं तर आताच्या संकरित कलिंगडाच्या बिया इतक्या बारीक असतात की तासभर बसून जेमतेम दोन चमचे गर निघतो. मोठ्या काळ्या बियांचं जुनं वाण असेल तरच हा उद्योग परवडतो. नाहीतर वाण्याकडे "मगज" मागा. तोच हा गर, मिठाईवाले वापरतात तो. मात्र मगज म्हणून खरबुजाचा किंवा काकडीचा गरही मिसळून मिळतो, तेव्हा विचारून घ्या. तांबड्या भोपळ्याच्या बिया सोलायला कलिंगडापेक्षा पुष्कळ सोप्या. भाजी चिरताना त्या आपण सर्रास उकिरड्यावर टाकतो, त्या आधी धुऊन सुपात घाला. फक्त भोपळ्याची फोड चाखून बघा. कडू लागली तर भाजीही नको आणि बियाही नकोत. तो कडूपणा पोट जोरात बिघडवतो.

आता साठवण, कारण आपल्या हवेत बिया खराब होतात त्या बहुतेक डब्यातच. सादळणं आणि खवट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सादळलेली बी नरम लागते, तिला नुसता दमटपणा आलेला असतो. तव्यावर परत शेकली की कुरकुरीत होते. खवट बीचं तेलच बिघडलेलं असतं. ती कुरकुरीत असूनही खवट असू शकते आणि भाजल्याने काही सुधारत नाही, उलट वास लपतो. ओळखायचं असं: चार बिया बोटांत चिरडून लगेच वास घ्या. ताज्या बीला वास जवळजवळ नसतो किंवा खोबऱ्यासारखा गोडसर असतो. जुन्या तेलरंगासारखा, घशाला लागणारा वास आला तर डबा रिकामा करा. पांढुरकी-हिरवट बुरशी किंवा जाळी दिसली तर तेवढ्याच बिया निवडून टाकू नका, सगळा डबा टाका. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि भाजून जात नाही.

पावसाळ्यात एका वेळी १०० ते २०० ग्रॅमच आणा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. खाण्याआधी आठवड्यापुरत्याच भाजा. आच मंद हवी. भोपळ्याचा गर फुगून तडतडायला लागला की लगेच ताटात काढायचा, तपकिरी होईपर्यंत थांबायचं नाही. भाजल्याने झिंक-मॅग्नेशियम कमी होत नाही, खनिजं आहेत ती, जळून कुठे जाणार! जास्त भाजल्याने बिघडतं ते तेल आणि ई जीवनसत्त्व. मीठ लावलेली तयार पाकिटं टाळा. आपल्याकडे सुकी मासळी, लोणचं, पापड यांतून मीठ आधीच भरपूर जातं. घरी भाजताना कोकम आगळाचा एक थेंब आणि चिमूटभर तिखट लावून बघा, मिठाची आठवण येत नाही.

बिया कुणाला देऊ नयेत तेही सांगते. घरात कुणाचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यांना फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही सांभाळावं लागतं आणि बियांत ते खच्चून असतं. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्ख्या बिया नकोत, घशात अडकतात. त्यांना पूड करून पेजेत घाला.

शेवटी तुमच्या केसांचं आणि गोळ्यांचं. इथे मी बियांवर विसंबणार नाही. पोटऱ्यांतल्या गोळ्यांवर मॅग्नेशियमच्या औषधी गोळ्या देऊन बघितलेल्या चाचण्यांत, विशेषतः उतारवयातल्या लोकांमध्ये, सांगण्यासारखा फायदा दिसलेला नाही. गोळीतून जे झालं नाही ते बियांतून होईल असं मी सांगू शकत नाही. दिवसभर उभं राहून काम, उन्हात घाम आणि पाणी कमी असं असेल तर आधी ते बघा, झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणून बघा. बेचाळिसाव्या वर्षी केस गळणाऱ्या बाईत मी पहिल्यांदा पाळीचं विचारते. पाळीत अंगावरून जास्त जातं का? हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइडसाठीची टीएसएच या तीन तपासण्या करून घ्या. तालुक्याच्या प्रयोगशाळेत होतात. रक्तातल्या झिंकच्या तपासणीवर पैसे घालवू नका, साधा ताप येऊन गेला तरी तो आकडा हलतो. फेरिटिन कमी निघालं तर लोहाची गोळी लागेल, आणि ती चालू असेल तर चहाबरोबर किंवा बियांबरोबर घेऊ नका. गोळी सकाळी, बिया दुपारी चारला. रिपोर्ट आले की आकडे इथेच लिहा, आणि घरात तांदूळ कुठला शिजतो तेही कळवा.